सुपर चॅटचे १०० रुपये हातात येईपर्यंत किती उरतात – ८ महिन्यांचा अनुभव

बाबा दर रविवारी रात्री यूट्यूबवर लाइव्ह पेटी वाजवतात, चॅनलचं सगळं मी बघते. सुपर चॅट, म्हणजे लाइव्ह बघताना लोक पैसे देऊन पाठवतात तो मेसेज, चालू करून ८ महिने झाले आणि पहिलं पेमेंट गेल्या महिन्यात आलं. आकडा बघून बाबा म्हणाले, "अगं, लोकांनी तर दुप्पट दिले होते ना?" मग मी बसून सगळा हिशोब लावला.

यूट्यूब ३० टक्के घेतं हे सगळ्यांना माहितीये, मीही तेवढंच धरून चालले होते. पण ते ७०:३० आधी कर वजा करून उरलेल्या रकमेवर असतं. म्हणजे कुणी ₹१०० टाकले की त्यातून १८ टक्के जीएसटी जाऊन उरतात साधारण ₹८४.७५, त्याचे ७० टक्के म्हणजे ₹५९. इथपर्यंत मला ठीक वाटलं, कारण कार्डाचा वगैरे खर्च यूट्यूबच सोसतं.

खरी गोम आयफोनमध्ये आहे. आयफोनच्या अ‍ॅपमधून सुपर चॅट पाठवला की आधी अ‍ॅप स्टोअरचं कमिशन कापलं जातं आणि मग आपले ७० टक्के काढतात. ते कमिशन ३० टक्के धरलं तर तेच ₹१०० आपल्यापर्यंत ₹४१.५० होऊन येतात! आषाढी एकादशीच्या लाइव्हला ₹३,००० जमले होते, त्यातले निम्मे आयफोनवरून. हातात आले ₹१,५०० च्या आसपास. पाठवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला वाटतं आपण काकांना ₹५०० दिले.

म्हणून आता मी लाइव्हच्या सुरुवातीलाच सांगते की आयफोनवाल्यांनी शक्यतो कॉम्प्युटरवरून पाठवा. लोक ऐकतात, फरक दिसतोय.

आधी माझं मत होतं की सुपर चॅट बंदच करून स्क्रीनवर यूपीआयचा क्यूआर लावावा, पूर्ण पैसे तरी मिळतील. दोन रविवार तसं केलंही. पण क्यूआरवर पैसे आले तरी निरोप कुठे दिसतो? सुपर चॅटचा रंगीत मेसेज वर अडकून राहतो, जास्त रक्कम असेल तर जास्त वेळ, आणि बाबा चष्मा सावरून नाव वाचतात, मग फर्माईश वाजवतात. लोक पैसे देतात ते त्या नाव घेण्यासाठी. तेव्हा आता दोन्ही ठेवलंय.

अजून एक. यूट्यूबचे पैसे गूगलच्या अ‍ॅडसेन्समधून येतात आणि १०० डॉलर जमेपर्यंत अ‍ॅडसेन्स पैसे सोडत नाही. आमचं कपातीआधी आठवड्याला ₹६००-७०० जमतं, त्यामुळे सहा महिने गेले. वर आमच्या बँकेने परदेशातून पैसे आले म्हणून ₹२९५ कापले, आणि विचारायला गेले तर काउंटरवरच्या माणसाला कशाचे तेच सांगता येईना, तीन फेऱ्या झाल्या. हा चार्ज दर पेमेंटला लागतो, म्हणून मी अ‍ॅडसेन्सच्या सेटिंगमध्ये पैसे सुटायची ती मर्यादा, म्हणजे पेमेंट थ्रेशोल्ड, वाढवून ठेवलाय, उशिरा येऊ दे पण एकदाच कापू दे. बाबांना पेटीचा भाता बदलायचाय, तो दिवाळीपर्यंत थांबेल.