‘रेडीमेड पोझिशन शीट’ विकत घेताय? माझे 3,346 यूएसडीटी कसे गेले ते आधी वाचा

दोन एक्स्चेंज, एक मोबाईल वॉलेट, एक हार्डवेअर वॉलेट, आणि कुठे काय उघडं आहे हे बघायला चार ठिकाणी लॉगिन करत बसायचं. एका टेलिग्राम ग्रुपवर एक ‘सर’ सगळं एकत्र दाखवणारी गूगल शीट ₹2,499 ला विकत होते, आपलाच मराठी माणूस, ग्रुपवर रोज चार्ट टाकणारा, म्हटलं घेऊन टाकू. शीट चालवायला माझ्या एक्स्चेंज खात्याची एपीआय की त्यात टाकायची होती, टाकली. आता लोक म्हणतात अशी की कोणी देतं का. अरे, की दिल्याशिवाय शीटमध्ये आकडे आपोआप येणार कुठून? एक्स्चेंजला आपोआप जोडणारे बहुतेक ट्रॅकर की मागतातच!

खरी मेख कीच्या परमिशनमध्ये होती. त्यांच्या पीडीएफमध्ये लिहिलेलं की ओपन ऑर्डर दिसायला ट्रेडिंगची परमिशनपण चालू करा. हे धादांत खोटं आहे, ओपन ऑर्डर नुसत्या रीडवर दिसतात. विथड्रॉवल मात्र बंद ठेवा असं ठळक अक्षरात, त्यामुळे मला उलट माणूस जबाबदार वाटला. आयपी लॉक करायला गेलो तर म्हणे गूगलच्या स्क्रिप्टचे आयपी बदलत राहतात, लॉक लावलात तर शीट बंद पडेल. आणि हे खरंय, म्हणूनच तर गळाला लागलो. स्क्रिप्ट चालवताना गूगलने बाहेरच्या सर्व्हिसला जोडायची परवानगी मागितली, तीही दिली, कारण एक्स्चेंजला जोडायलाही तीच लागते. त्याच स्क्रिप्टमध्ये खाली अजून एक `UrlFetchApp.fetch` होता, भलत्याच पत्त्यावर माझी की आणि सीक्रेट पाठवणारा. हे नंतर एका मित्राने दाखवलं.

पैसे काढलेच नाहीत हो त्यांनी, काढताच येत नव्हते. 0.021 ला चालणारं एक मेलेलं कॉइन, त्यात त्यांनी स्वतःची सेल ऑर्डर 0.26 ला लावली आणि माझ्या कीने माझ्याच 3,640 यूएसडीटीचे 14,000 कॉइन घेतले. पैसा त्यांच्या खात्यात, कचरा माझ्या. भाव लगेच परत 0.021, म्हणजे माझ्या हातात 294 यूएसडीटीचा माल. 3,346 यूएसडीटी बुडाले, ₹88 च्या भावाने ₹2,94,448 गेले.

आणि शीट काय दाखवत होती? एकूण जशीच्या तशी! भावाच्या कॉलममध्ये हे होतं:

```
=IFERROR(VLOOKUP(C2,Prices!A:B,2,FALSE),F2)
```

भाव सापडला नाही तर खरेदीचाच भाव (`F2`) लाव. ते कॉइन भावाच्या यादीत नव्हतंच, त्यामुळे 14,000 गुणिले 0.26, म्हणजे पुन्हा 3,640. बाकीच्या ओळी लाल-हिरव्या नाचतायत आणि एका ओळीत नफा-तोटा 0.00, मख्ख. ती ओळ मी बघितली होती. वाटलं यूएसडीटीचीच असेल, तिथेही 0.00 च असतं. कॉइनचं नाव वाचलं असतं तर... जाऊ दे, डोकं फिरतं आठवलं की. तो `IFERROR` आत्ता काढा, नुसता `VLOOKUP` ठेवा, भाव नसला की `#N/A` येईल आणि एकूण रकमेचीही बोंब होईल, होऊ दे.

एक्स्चेंजचं उत्तर काय, तर ऑर्डर वैध कीने आली, ट्रेड पूर्ण झाला, आम्ही उलटवू शकत नाही. समोरचं खातं तुमच्याकडेच आहे ना, फ्रीझ करा, तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस स्टेशनला गेलो तर बँकेतून पैसे गेले का, यूटीआर नंबर द्या. नाही गेले साहेब, ट्रेड झालाय. मग तुम्हीच खरेदी केली ना? तिथल्या एकाने तर 14,000 कॉइन आहेत की तुमच्याकडे, असंही ऐकवलं. हेल्पलाइनवर तेच, फॉर्ममध्ये बँक खातं टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. वर सीए सांगतो की 2022 च्या नियमाने क्रिप्टोचा तोटा कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यावर 30 टक्के भराच.

आता शीट माझी मीच केलीय. `Log` नावाच्या टॅबमध्ये जागा, कॉइन, तारीख, प्रमाण. घेतलं तर अधिक, विकलं तर उणे, समोरच्या यूएसडीटीची उलटी ओळ, फीची वेगळी ओळ. एका वॉलेटमधून दुसऱ्यात पाठवलं तर दोन ओळी, एक उणे एक अधिक, नाहीतर ती विक्री वाटते. आणि मुख्य शीटमध्ये प्रत्येक पोझिशनपुढे:

```
=ROUND(E2-SUMIFS(Log!D:D,Log!A:A,B2,Log!B:B,C2),8)
```

`B2` जागा, `C2` कॉइन, `E2` म्हणजे एक्स्चेंज आत्ता दाखवतंय ते प्रमाण. शून्य नाही आलं तर एकतर तुम्ही नोंद विसरलात नाहीतर दुसरं कोणीतरी ट्रेड करतंय. हे असतं तर त्या ओळीत थेट 14,000 दिसले असते.

वॉलेटसाठी फक्त पब्लिक अ‍ॅड्रेस लागतो, सीड फ्रेजचे बारा किंवा चोवीस शब्द कुठल्याही शीटमध्ये नाही म्हणजे नाही. आणि असली शीट घेतलीच असेल तर ती डिलीट करून गप्प बसू नका, की एक्स्चेंजवर जिवंतच राहते. प्रत्येक एक्स्चेंजच्या एपीआय मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती उडवा, ओपन ऑर्डर तपासा, कॅन्सल करा.