फळा की वही? फोनवरून गणित शिकवताना

दहावीची भूमिती मी दोन्ही तऱ्हांनी शिकवली: फोन ट्रायपॉडवर लावून फळ्यासमोर, आणि फोन वरून खाली वहीकडे रोखून.

फळ्यासाठी ट्रायपॉड सहा-सात फूट लांब ठेवावा लागतो. तेवढ्यावरून फोनच्या माइकला पंख्याची घरघर जास्त आणि आपला आवाज कमी पोचतो, म्हणून कॉलरला लावायचा माइक घ्यावाच लागतो. त्याची पिन टाइप-सी असेल तर चार्जरला जागाच उरत नाही. तास सुरू करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. पांढऱ्या फळ्यावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमका त्रिकोणाचा शिरोबिंदू दिसेनासा होतो. फळा किंचित पुढे झुकवला की ती चमक वर सरकते.

वहीच्या पद्धतीत फ्रीजमधली काच पुस्तकांच्या दोन उंच थप्प्यांवर ठेवायची आणि तिच्यावर फोन, कॅमेरा खाली. तोंड फूट-दीड फुटावर, त्यामुळे वेगळा माइक लागत नाही. मात्र टेबलावर कंपास आपटला की मुलांच्या कानात दणका बसतो, म्हणून वहीखाली जाड टॉवेल हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली अक्षरांवर पडते. चार्जर लावून ठेवता येतो, फक्त फोनचं कव्हर काढा. फोन तापला की चित्र अडखळतं.

डेटाही वहीला कमी लागतो, कारण स्थिर पानात फक्त हात हलतो.

भूमितीसाठी मी वहीच निवडते. प्रमेयाची कोन-बाजू मुलांना जवळून दिसायला हवी.