फ्रीजर जॅकेटवरचं रिकामं लेबल आणि माझे 1,49,760 रुपये

कोल्ड स्टोरेजला माणसं पुरवणाऱ्यांनी आणि आत काम करणाऱ्यांनी हे वाचा. मी महापेच्या बाजूला एका फ्रोझन मालाच्या गोदामात लोडिंगचं कंत्राट घेतो. चोवीस माणसं आहेत आणि चेंबर मायनस 20 ते 22 वर चालतं. या कामात मला अकरा वर्षं झाली, तरी मी फसलो.

जुने जॅकेट फाटले होते. नेहमीच्या दुकानदाराने नुसत्या फ्रीजर सूटचेच 9,200 सांगितले. तेवढ्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून हा माणूस आला. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. सूट 3,850, ग्लोव्ह्ज 640, बूट 1,750. चोवीस जणांचे एकूण 1,49,760. सॅम्पल घेऊन तो स्वतः डॉकवर आला, आमच्या मामांना ते घातलं, आत पाठवलं. मामा सगळ्यात जुने लोडर. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाले, "शेठ, छातीला गारवा लागला नाही." त्याने मामांचा फोटो काढला आणि सॅम्पल ‘मापं काढायला’ परत नेलं. इथेच अडवायला हवं होतं. सॅम्पल आपल्याकडे सहीशिक्क्यासह ठेवून घ्या, तो नाही म्हणाला तर सौदा तिथेच सोडा.

89,856 आगाऊ दिले. माल आला ऑगस्टमध्ये, रात्री आठला, धो धो पावसात. ड्रायव्हर ओरडतोय की तळोज्याला जायचंय, आमचा रीफर डॉकला लागलेला, आणि उरलेले 59,904 भरल्याशिवाय गोणी उतरणार नाहीत. मी फोनवरून पैसे पाठवले. पक्कं बिल ‘उद्या’ येणार होतं. अशा वेळी दुसऱ्या कोणी वेगळं काय केलं असतं, हे मला खरंच कळत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पहिली गोणी मीच फोडली, पहिलं जॅकेट मीच उलटं केलं. कॉलरखाली लेबल होतं, त्यावर हिमकणाचं चित्र, ‘ईएन 342’ हा थंडीच्या कपड्यांच्या युरोपियन मानकाचा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मायनस 40’. चित्राखाली दुसरा एकही आकडा नव्हता. खऱ्या फ्रीजर सूटच्या लेबलवर त्या हिमकणाखाली आकडे असतात: कपडा ऊब किती धरतो, वारा किती आत सोडतो. सॅम्पलवर ते होते. सॅम्पलच्या लेबलचा फोटो माझ्याच फोनमध्ये होता, आणि फोन माझ्या हातात होता, कारण त्याच मिनिटाला मी पैसे पाठवत होतो. दोन लेबलं शेजारी धरायला दहा सेकंद लागली असती. मी ‘मायनस 40’ वाचलं आणि निर्धास्त झालो. नुसत्या तापमानाला काही अर्थ नसतो. उभं राहून मोजणी करणारा आणि पेट्या उचलणारा यांना एकच सूट सारखा पुरत नाही, आणि किती वेळ, हेही सांगावं लागतं.

ग्लोव्ह्जचंही तेच झालं. मी फोनवर विचारलं होतं की थंडीचा नंबर आहे का. तो म्हणाला, "आहे ना दादा, चार आकडे आहेत." आकडे होतेच, पण हातोडीच्या चित्राखाली. ते ईएन 388, म्हणजे घासणं, कापणं, फाटणं यांचं. थंडीचं ईएन 511, त्याचं चित्र हिमकणाचं आणि आकडे तीन: हवेची थंडी, गार वस्तू धरल्यावरची थंडी आणि पाणी. पेट्या हाताळणाऱ्याने मधला आकडा बघायचा. तिथे शून्य असेल तर तो ग्लोव्ह आमच्या कामाचा नाही.

आता माझी खरी चूक. आधी आम्ही 45 मिनिटं आत, 15 बाहेर असं चालवायचो. नवे सूट ‘मायनस 40’चे, म्हणून गाडी लवकर सुटावी यासाठी मी वेळ 90 मिनिटांवर नेला आणि विश्रांती 15 च ठेवली. जर्मनीच्या मानकात मायनस 18 ते 30 साठी सलग 90 मिनिटं ही कमाल मर्यादा आहे, मग 30 मिनिटं उबेत, आणि तेही खरे कपडे घालून. मी त्यातलं मला सोयीचं तेवढंच घेतलं.

तिसऱ्या दिवशी मामा बाहेर आले आणि त्यांना झिप उघडेना. झिपचा दांडा चिमटीत धरत होते, तो पुन्हा पुन्हा निसटत होता. मी ग्लोव्ह ओढून काढला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. मी दाबलं तर म्हणाले, "काही लागत नाही." एक पोरगा त्यांचा हात चहाच्या शेगडीवर धरायला निघाला होता, त्याला अडवलं. बधिर बोटाला चटका कळत नाही. चोळायचंही नाही. अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात हात ठेवला, रंग परत आला, मग ठणका सुरू झाला. डॉक्टरांनी वेळेत आलात म्हणून सांगितलं. ग्लोव्हचं अस्तर आतून ओलं होतं. पेटीवरचा बर्फाचा थर अँटीरूममध्ये वितळून आत शिरतो आणि चेंबरमध्ये परत गोठतो. म्हणून प्रत्येकाला दोन जोड द्या आणि प्रत्येक फेरीला बदलायला लावा.

त्या रात्री मी एक जॅकेट ब्लेडने फाडलं. भराव फक्त छातीला आणि पाठीला, शाळेच्या दप्तरात असतो तसा पातळ. काखेत आणि कुशीला नुसतं दोन कापडांचं अस्तर. विकत घेताना कूस आणि काख चिमटीत धरून बघा, फुगीर भराव दाबून सोडला की उठला पाहिजे. कापडाला तोंड लावून फुंका, हवा सरळ पलीकडे जात असेल तर नको. बूट साधे गमबूट निघाले, सहाव्या दिवशी वाकायच्या जागी चिरले. पोरांनी दोन-दोन मोजे चढवले होते, बूट आवळले आणि पाय जास्तच गार पडले. थंडीच्या बुटावर ‘सीआय’ खूण असते आणि माप जाड मोज्यासकट घ्यायचं असतं. आत कॉटनचं बनियन घालू देऊ नका. आपल्या दमट हवेत डॉकवर घाम येतो, कॉटन तो धरून ठेवतं आणि आत गेल्यावर तोच अंगाला गारठवतो. बाहेर आलं की आधी झिप उघडायची.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." मी फाडलेलं जॅकेट टेबलावर ठेवलं, त्यांनी हात लावला नाही. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक तक्रारीला गेलो तर, तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. ऑनलाइन तक्रार केली, सतरा दिवसांनी ‘निकाली’ असा मेसेज आला, काय निकाली काढलं ते नाही. कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या कार्यालयात गेलो, तर साहेबांनी मलाच विचारलं, माणसांना असले कपडे दिलेच कसे? मामांची बोटं दाखवायला मी त्यांना सोबत नेलं होतं. एक दिवसाची मजुरी बुडवून ते बाकावर बसून होते, त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. खोटं लेबल छापणाऱ्याबद्दल एकाही टेबलावर एक ओळ लिहून घेतली नाही. माणसाचं बोट कापावं लागल्यावर लिहून घेणार का?

सध्या आठ खरे सूट घेतलेत, ते पाळीपाळीने वापरतो, आणि वेळ परत 45 वर आणलाय. गाडी उशिरा सुटते, त्याचा दंड मी भरतो.

परवा एका ओळखीच्या कंत्राटदाराने एक जाहिरात पाठवली आणि विचारलं, घेऊ का? नाव वेगळं, नंबर वेगळा. फोटोत मामा उभे आहेत, अंगात ते सॅम्पलचं जॅकेट, मागे आमच्या डॉकचं पिवळं शटर.