द्राक्षं की बेदाणे, दुधी की पालक: पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, तर मंडईतून काय आणायचं?

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आज लिहितेय ते मात्र घरचं आहे, तासगावजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचं. तिला बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी आहे, त्यातून किडनी हळूहळू कमी काम करायला लागली. डायलिसिस नाही. मागच्या वर्षी रक्तात पोटॅशियम 5.6 आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता खाण्यातलं पोटॅशियम कमी करा." साधारण 3.5 ते 5 च्या आसपास असायला हवं ते. निरोगी किडनी जादाचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकते. तिचं काम मंदावलं की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. बहुतेकदा आधी काहीच जाणवत नाही, म्हणून बरं वाटतंय म्हणजे ठीक आहे असं धरून चालत नाही. तपासणीच करावी लागते.

घरात काय झालं, तर वहिनीनं घाबरून फळं सगळीच बंद केली. मावशीचा चेहरा उतरला. "द्राक्षाच्या गावात राहून द्राक्ष खायचं न्हाई व्हय गं?" असं तिनं मला फोनवर विचारलं. दीड महिन्यानं पुन्हा तपासलं तर पोटॅशियम 5.9. फळं बंद, तरी वाढलं. ते का वाढलं ते पुढे सांगते. आधी मंडईचं बघू, कारण खरी निवड तिथेच करायची असते.

द्राक्षं आणि बेदाणे

आपल्या भागात हा पहिला प्रश्न. 100 ग्रॅम ताज्या द्राक्षांत साधारण 190 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि 100 ग्रॅम बेदाण्यांत 750 च्या आसपास. फळ तेच आहे. रॅकवर वाळताना पाणी उडून जातं, पोटॅशियम जागेवर राहतं. चार किलोच्या आसपास द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो हे आपल्याकडच्या बागायतदाराला सांगायला नको, आणि पोटॅशियमचा हिशेब त्याच प्रमाणात चालतो.

ताटलीत ते कसं दिसतं बघा. मध्यम आकाराची बारा-पंधरा द्राक्षं म्हणजे साधारण 70 ग्रॅम, त्यात 130 मिलिग्रॅम. मावशी रोज सकाळी रात्रभर भिजवलेले मूठभर बेदाणे खायची. ती मूठ मी वजनकाट्यावर ठेवली, 40 ग्रॅम भरली. म्हणजे 300 मिलिग्रॅम, तेही चहाच्या आधी. भिजवल्यानं बेदाणे फुगतात, पण ते भिजवणीचं पाणीही ती औषध म्हणून प्यायची. त्यामुळे पाण्यात जे थोडं उतरलं असेल तेही पोटातच गेलं.

म्हणून या दोघांत निवड सोपी आहे. हंगामात बारा-पंधरा द्राक्षं मोजून घ्यावीत आणि बेदाणे बंद. खजूर, सुके अंजीर, जर्दाळू यांचंही तसंच. मधुमेह असेल तर द्राक्षं जेवणानंतर लगेच न खाता मधल्या वेळी खावीत, आणि ती घेतली त्या दिवशी दुसरं गोड फळ नको.

रोजचं फळ कुठलं?

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना डझनभर केळी किंवा शहाळं नेतात. या आजारात नेमकी हीच दोन जड जातात. एका मध्यम केळ्यात 350 ते 400 मिलिग्रॅम. एका शहाळ्याच्या पाण्यात सहाशेच्या घरात, म्हणजे दीड केळं ग्लासातून. शहाळ्याला लोक पाणीच समजतात, म्हणून ते जास्त फसवतं.

त्यांच्याशेजारी सफरचंद ठेवा. एका लहान सफरचंदात दीडशेच्या आसपास. पेअर, अननस आणि जांभूळ याच बाजूची. पपई आणि चिकू मधली, 100 ग्रॅमला दोनशेच्या जरा खाली, त्यामुळे चार फोडी चालतात, अर्धी पपई चालत नाही. पेरू मात्र केळ्याच्या पंगतीत बसतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी 100 ग्रॅमला दीडशेच्या आसपास, म्हणजे हंगामात पाच-सहा खायला हरकत नाही. (पुस्तकागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात. कोण वर, कोण खाली हा क्रम लक्षात ठेवला तरी पुरे.)

कलिंगडाबद्दल सगळे विचारतात. 100 ग्रॅमला ते सफरचंदाइतकंच सौम्य, पण कलिंगड 100 ग्रॅम कोण खातं? मोठी फोड 300 ग्रॅमची, म्हणजे तिच्यात 330 मिलिग्रॅम, शिवाय पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ते पाणीही त्यात धरायला हवं. आंब्याचंही तसंच. दोन फोडी निभतात, वाटीभर आमरस जड होतो.

एका फळाला मी साफ नाही म्हणते: कमरख, ते कापल्यावर चांदणी दिसते ते आंबट फळ. ते पोटॅशियमसाठी नाही. त्यातलं एक विषारी द्रव्य आजारी किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके इथपर्यंत वेळ येऊ शकते. एक फोडही नको.

भाजी: कोणती, त्याहून कशी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण फळ दिवसातून एकदा, भाजी दोनदा.

पालक आणि दुधी शेजारी ठेवू. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साडेपाचशेच्या वर पोटॅशियम, दुधीत दीडशेच्या आसपास. पण खरा फरक वाटीत पडतो. कच्चा पालक वाटीत दाबून भरला तरी पानं मूठभरच मावतात. शिजल्यावर जुडी बसते आणि एका वाटीत अर्धी जुडी मावते. मावशीच्या पातळ भाजीची एक वाटी म्हणजे सहा-सातशे मिलिग्रॅम. दुधीच्या वाटीत सव्वादोनशे. तांदुळजा पालकाच्याच रांगेत. शेवग्याच्या शेंगाही चांगल्याच वरच्या. दोडका, कोबी, काकडी, कांदा, ढोबळी मिरची खालच्या बाजूला. फ्लॉवर, वांगी, भेंडी कच्ची मध्यम असतात, पण भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकलं की जवळजवळ निम्म्यावर येतात.

उकडण्यावरून मावशीकडे वाद झाला. तिची सवय जुनी आणि काटकसरीची: पालेभाजी उकडलेलं पाणी ती कणकेत घालते, बटाट्याचं पाणी आमटीत. निरोगी घरात ही उत्तम सवय आहे, मी स्वतः तसंच करते. पण पोटॅशियम पाण्यात विरघळतं, म्हणजे भाजीतून काढलेलं सगळं पोळीतून परत तिच्या पोटात. "मावशे, हे पाणी झाडाला घाल," एवढंच मी सांगितलं. आता ते परसातल्या कढीपत्त्याला जातं.

बटाट्याबद्दल एक गैरसमज घरोघरी दिसतो. "रात्रभर पाण्यात भिजवला की पोटॅशियम निघून जातं." नुसत्या गार पाण्यात भिजवून फारसं काही निघत नाही. उकडल्यानं निघतं. तेही कुकरमध्ये सालासकट अख्खा उकडला तर नाही, कारण साल ते आत धरून ठेवते. साल काढा, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा, बुडून वर राहील इतकं भरपूर पाणी घ्या, मऊ होईपर्यंत उकडा आणि पाणी ओतून टाका. निम्मं तरी जातं. किसून उकडलात तर आणखी बरंच जास्त. मग तो बटाटा आठवड्यातून एकदा छोट्या वाटीनं चालतो. सुरण आणि अळकुड्या इतक्या वरच्या आहेत की त्यांच्यामागे ही खटपट करण्यापेक्षा दुसरी भाजी घ्यावी.

टोमॅटो आपण मोजतच नाही, तो फोडणीतच असतो. एका मध्यम टोमॅटोत अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम, आणि आटवून केलेल्या प्युरीत तर दाट. आंबटपणाच हवा असेल तर अर्धं लिंबू पिळा, त्यात वीस मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

मावशीचा दिवस, आधी आणि आता

आधी: मूठभर बेदाणे 300, शहाळं 600, पालकाची वाटी 650, संध्याकाळी केळं 350. एवढ्या चार गोष्टींचे 1900. ज्यांना आखडतं घ्यायला सांगतात त्यांची अख्ख्या दिवसाची मर्यादा अनेकदा 2000 ते 2500 च्या दरम्यान असते. डाळ, दूध, भाकरी यांचं अजून मोजलेलंच नाही.

आता: लहान सफरचंद 150, किंवा त्याऐवजी हंगामात द्राक्षं 130. दुपारी दुधी किंवा दोडक्याची वाटी 225, रात्री उकडून पाणी काढलेल्या फ्लॉवरची वाटी दोनशेच्या आत. सगळं मिळून पावणेसहाशे. पोटही भरतं.

आता त्या 5.9 चं. मी घरी गेले तेव्हा पहिल्यांदा स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उघडला. बीपीसाठी म्हणून कुणीतरी कमी सोडियमचं मीठ सुचवलं होतं. अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. फळं बंद झाली त्याच आठवड्यात हे मीठ सुरू झालं होतं आणि ते आमटीत, भाजीत, भाकरीत सगळीकडे पडत होतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. दुसरी गोष्ट बद्धकोष्ठता. फळं आणि भाजीचा चोथा बंद झाल्यावर मावशीला तीन-तीन दिवस साफ होईना. किडनी मंदावते तेव्हा आतडी पोटॅशियम बाहेर टाकायचं जादा काम करतात, ती वाटही अडली. सफरचंद आणि दुधी परत आणायचं माझं एक कारण तेच होतं.

मीठ बदललं, पाणी झाडाला गेलं, बेदाणे नातवंडांच्या डब्यात गेले. डॉक्टरांनी तिच्या गोळ्याही तपासल्या, कारण बीपीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं. त्या किडनीसाठी किंवा हृदयासाठी गरजेच्याही असतात, म्हणून आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत. महिन्यानं आकडा 5.1 आला.

हे सगळं ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितलंय त्यांच्यासाठीच. किडनीच्या प्रत्येक रुग्णाला ते लागत नाही, आणि काहींचं तर उलट कमी पडतं, तेही धोक्याचं. तुमचा शेवटचा रिपोर्ट सोबत घेऊन डॉक्टरांशी बोला. आकडा आधीच वाढलेला असेल आणि पायातलं बळ अचानक गेलं, छातीत धडधडलं किंवा ठोका चुकल्यासारखं वाटलं, तर भाजी बदलून वाट बघू नका. त्याच वेळी दवाखाना गाठून ईसीजी काढा.

या जानेवारीत पहिली द्राक्षं उतरली तेव्हा वहिनीनं स्टीलच्या वाटीत पंधरा मोजून मावशीसमोर ठेवली. मावशीनं ती एकेक करून खाल्ली, अर्धा तास लावून.