पुन्हा बॅलन्सिंग की टायर रिमवर फिरवणं?

बॅलन्सिंग करूनही ८० च्या पुढे गाडी थरथरत असेल, तर पुन्हा वजनं लावायची की टायर रिमवरून उतरवून फिरवायचा?

बॅलन्सिंग स्वस्त आणि झटपट, पण वजनं फक्त वस्तुमानाची असमान वाटणी भरून काढतात. चाकाचा आकार त्यांनी बदलत नाही. मशीनवर चाक अधांतरी फिरतं, त्यामुळे काटा शून्य दाखवतो. रस्त्यावर मात्र टायरचा उंचवटा प्रत्येक फेरीला एक्सल वर ढकलतो. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल, तर स्टिअरिंगही हलतं.

म्हणून आधी डायल गेज लावून चाक फिरताना त्याची कड किती मिमी वर-खाली होते ते बघा. थोडी गाडी चालवून टायर गरम असतानाच मापा, नाहीतर उभ्या गाडीचा चपटेपणाही मापात येतो. समजा, ट्रेडवर फरक १.६ मिमी आला आणि नुसत्या रिमवर ०.७. दोन्हींचे उंचवटे एकाच जागी असतील, तर टायरचा वाटा ०.९ उरतो. टायर १८० अंश फिरवला की एकूण फरक साधारण ०.२ वर येतो. यात मेहनत जास्त आणि नंतर बॅलन्सिंग पुन्हा करावंच लागतं.

वजन गळून पडलं असेल किंवा टायर नवा बसवला असेल, तर बॅलन्सिंग पुरे. माप १.३-१.५ मिमीच्या वर गेलं, तर टायर फिरवा. रिमच वाकलं असेल, तर मात्र ते बदला.