कॅमेरा डोक्यावर की समोर तिरका? ठिपक्यांच्या रांगोळीच्या व्हिडिओची संहिता लिहिण्यापूर्वी

श्रावणातल्या कानबाईसाठी देव्हाऱ्यासमोर काढायची सात ते चार ठिपक्यांची रांगोळी व्हिडिओवर शिकवायची, चेहरा दाखवायचा नाही आणि पडद्यावर फक्त हात दिसावेत, असे माझ्या भुसावळच्या मावसबहिणीने ठरवले, तेव्हा तिने सर्वांत आधी निवेदन लिहायला घेतले. ते उलट होते. कॅमेरा कुठे राहणार हे ठरल्याशिवाय निवेदनातले एकही वाक्य पक्के होत नाही, कारण वरून दिसणाऱ्या रांगोळीत जे सांगावे लागत नाही तेच तिरक्या कोनातून दिसणाऱ्या रांगोळीत सांगावे लागते. आम्ही दोन्ही प्रकारे चित्रण करून पाहिले. ज्यांना याच दोन पर्यायांतून निवड करायची आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

रांगोळी साधीच घेतली होती. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मध्ये येतील असे सहा, पाच आणि चार, म्हणजे एकूण सात ओळी आणि ३७ ठिपके. दोन ठिपक्यांत ५ सेंमी अंतर धरले की रचना ३० सेंमी रुंद आणि सुमारे २६ सेंमी उंच होते, आणि बाहेरची नक्षी धरून ४० सेंमीच्या चौकोनात बसते. मधोमधच्या ठिपक्यापासून सहा पाकळ्या निघतात आणि प्रत्येक पाकळीच्या पोटात बरोबर एक ठिपका राहतो.

आता हीच रांगोळी ४५ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिली तर काय होते ते पाहू. उभे अंतर सुमारे सात दशांश होऊन दिसते, म्हणजे ओळींमधले ४.३ सेंमी अंतर पडद्यावर ३ सेंमीइतके भासते. फोन रांगोळीपासून मीटरभर लांब असेल तर त्यातही पलीकडची ओळ अलीकडच्या ओळीपेक्षा जवळपास एक षष्ठांशाने आखूड दिसते. शिकणारी बाई पडद्यावर ठिपके मोजत असते, आणि तिला सहाही पाकळ्या सारख्या दिसल्या नाहीत तर आपलेच चुकले असे वाटून ती व्हिडिओ मागे घेते. ठिपक्यांची रांगोळी ही मुळात मोजणीची रांगोळी आहे, त्यामुळे ती शिकवताना हा दोष लहान राहत नाही. मुक्तहस्त वेलीच्या रांगोळीत तो कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरी अडचण हातांच्या चौकटीची आहे. तिरका कॅमेरा काढणारीच्या समोर ठेवला तर हातांबरोबर गुडघे आणि पदरही दिसतात, शिवाय तिची डावी बाजू पाहणाऱ्याची उजवी होते आणि निवेदनातल्या प्रत्येक ‘डावीकडे’ला खुलासा जोडावा लागतो. तो डाव्या खांद्यामागून लावला तर दिशा सुलट होतात, पण खांदा आणि वेणी अधूनमधून चौकटीत शिरतात. वरून लावलेल्या कॅमेऱ्यात हात खालच्या कडेने आत येतो, पाहणारीला तो स्वतःचाच हात असल्यासारखा वाटतो आणि डावे-उजवे समजावून सांगावे लागत नाही. यासाठी चौकटीची खालची कड काढणारीकडे असायला हवी, हे मात्र चित्रण सुरू करण्यापूर्वी तपासावे. फोन जमिनीकडे तोंड करून आडवा असला की त्याला वर कोणते आणि खाली कोणते हे नीट कळत नाही आणि कधीकधी सबंध चित्रण उलटे नोंदले जाते. फोन जमिनीला काटकोनात धरून चित्रण सुरू करायचे आणि मग अलगद जमिनीकडे तोंड करून बसवायचा, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

वरच्या कोनाची खरी अडचण उंचीची आहे, आणि ती आम्हाला पहिल्याच दिवशी भोवली. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातून एक मीटर उंचीवरून चौकटीची आखूड बाजू सुमारे ७८ सेंमी जमीन व्यापते. आम्हाला रांगोळी आणि भोवतालची थोडी मोकळी जागा मिळून ५० सेंमी हवे होते, म्हणजे ६५ सेंमी उंची पुरते. थरथर कमी करण्याची सोय चालू असली की फोन चित्राच्या कडा थोड्या कापतो, म्हणून आम्ही ७० सेंमी धरले. हिशेब बरोबर होता, पण मांडी घालून बसलेली बाई पुढे वाकली की तिचे कपाळही साधारण तितक्याच उंचीवर येते. पहिल्या चित्रणात चौथी ओळ मांडताना ठिपक्यांऐवजी केसांचा भांग दिसत होता.

यावर तीन मार्ग निघाले. फोन १.४ मीटरवर नेऊन चित्र दुप्पट जवळ आणणे हा पहिला मार्ग, पण साध्या फोनमध्ये त्यामुळे रेघेची कड धूसर होते. रांगोळीच्या बाजूला बसून हात लांबवून काढणे हा दुसरा मार्ग, पण मग रेघ थरथरते आणि दोन ओळींनंतर खांदा भरून येतो. तिसरा मार्ग आम्हाला मानवला. प्लायवूडचा ६० सेंमी चौरस पाट गेरूने सारवून टेबलावर ठेवला आणि ती खुर्चीत बसली, त्यामुळे डोके पाटाच्या अलीकडच्या कडेमागे राहिले आणि फोन पाटापासून ७० सेंमीवरच ठेवता आला. अंगणातल्या सारवणाची मजा यात नाही, हे मान्य करावे लागेल. गेरूच्या पाटाचा एक फायदा मात्र आम्हाला आधी सुचला नव्हता: चकचकीत फरशीवर सरळ वरून चित्रण केले की चौकटीच्या मधोमध फोनचेच प्रतिबिंब दिसते, खडबडीत गेरूवर ते दिसत नाही.

फोन धरण्यासाठी तिपाईला जोडलेला आडवा दांडा वापरला आणि तो पुढे झुकू नये म्हणून मागच्या टोकाला दोन किलो दादर ज्वारीची पिशवी बांधली. दांडा नसेल तर दोन उंच स्टुलांवर फळी टाकून तिच्या कडेबाहेर फोनची भिंग असलेली बाजू काढली तरी भागते. फोन समतल आहे की नाही हे पाटाच्या कडांवरून कळते. पाटाच्या डाव्या आणि उजव्या कडा चौकटीच्या कडांना समांतर दिसल्या पाहिजेत, त्या वरच्या बाजूला जवळ येत असतील तर फोन कलला आहे.

उजेडाच्या बाबतीत दोन्ही कोनांना सारखेच सांभाळावे लागते, म्हणून थोडक्यात सांगते. डोक्यावरच्या दिव्याने वरच्या फोनची सावली पाटावर पडते, तेव्हा खिडकी डाव्या हाताला ठेवावी. हात आत-बाहेर झाला की फोन उजेड आपोआप बदलतो आणि पांढरी रांगोळी मध्येच भगभगीत होते, म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस बांधून टाकावा. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसले तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. पंखा अर्थातच बंद ठेवावा लागतो. आखाजीच्या दिवसांत असे चित्रण करायचे असेल तर ते सकाळी नऊच्या आत उरकावे, नाहीतर तापलेला फोन चित्रण अर्ध्यावर थांबवतो. श्रावणात प्रश्न वेगळाच असतो. दमट हवेने रांगोळीचे गोळे होतात, ते चिमटीतून अडखळत पडतात आणि जवळच्या चित्रणात तुटक रेघ लगेच उघडी पडते. रांगोळी आदल्या दिवशी कढईत कोरडी गरम करून चाळून घेतली की ती सुटी पडते.

संहितेतला फरक एकाच पायरीवरून स्पष्ट होईल. पहिली पाकळी काढायची आहे. तिरक्या कोनासाठी आम्ही लिहिलेले निवेदन असे होते: ‘मधोमधच्या ठिपक्यावर बोट ठेवा. तुमच्यापासून लांबच्या बाजूला, वरून दुसऱ्या ओळीत पाच ठिपके आहेत, इथे ते जवळजवळ दिसतात पण अंतर सारखेच आहे. त्यांतला डावीकडून दुसरा ठिपका म्हणजे पाकळीचे टोक.’ वरच्या कोनासाठी तेच निवेदन असे झाले: ‘मधल्या ठिपक्यापासून दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यापर्यंत पाकळी. वाटेतला ठिपका पोटात ठेवा.’ दुसरे निवेदन निम्म्याहून कमी आहे, आणि हात पाकळी काढायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यातच ते वाचून होते. दृश्य आणि आवाज एकाच वेळी संपणे हे अशा व्हिडिओत फार मोलाचे असते.

दोन्हींत एक शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे ‘इथून इथे’. चेहरा नाही, नजर नाही, आणि बोट ठिपक्यावर गेले की ठिपका बोटाखालीच झाकला जातो. म्हणून ओळींना वरून खाली एक ते सात आणि ठिपक्यांना डावीकडून उजवीकडे क्रमांक द्यावेत आणि ते पहिल्याच मिनिटात सांगावेत. हिशेबाची सोय अशी की सहाही पाकळ्यांची टोके तीनच ओळींत येतात: दुसऱ्या ओळीत दुसरा आणि चौथा ठिपका, चौथ्या ओळीत दुसरा आणि सहावा, सहाव्या ओळीत पुन्हा दुसरा आणि चौथा. प्रत्येक रेघ पूर्ण झाल्यावर हात चौकटीबाहेर काढून दोन सेकंद थांबावे आणि ते थांबणेही संहितेत लिहून ठेवावे. शिकणारी त्या दोन सेकंदांतच ठिपके मोजते.

आवाज चालू चित्रणात द्यावा की नंतर, याबद्दल मला फारशी शंका नाही. वरच्या कोनात नंतर द्यावा. काढताना बोलले की हात थबकतो, आणि पाटाजवळ बांगड्यांची किणकिण सगळ्या निवेदनावर चढते.

इतके सगळे वरच्या कोनाच्या बाजूने जात असले तरी त्याला एक गोष्ट अजिबात दाखवता येत नाही, आणि ती म्हणजे चिमूट. वरून पाहिले तर अंगठा आणि तर्जनीच्या मधून रांगोळी कशी सुटते, बोटे जमिनीपासून किती वर आहेत, रेघ बारीक करताना चिमूट कशी आवळते, यांतले काहीच दिसत नाही, दिसते ती फक्त हाताची पाठ. नवशिक्या बाईची रेघ जाड-बारीक होण्याचे कारण बहुधा याच ठिकाणी असते. म्हणून निवड वरच्या कोनाची केली तरी तिरक्या कोनातून वीस सेकंदांचा एक तुकडा वेगळा चित्रित करावा, तोही बाजूने आणि खाली वाकून, म्हणजे चौकटीत फक्त बोटे, पाट आणि पडणारी रांगोळी एवढेच येईल. तो ठिपके मांडून झाल्यावर आणि पहिल्या पाकळीच्या आधी जोडावा. सुरुवातीलाच ठेवला तर पाहणारी तो ओलांडून पुढे जाते.

ही शिफारस लहान रांगोळीपुरती आहे. संस्कारभारती पद्धतीची दीड मीटर व्यासाची रांगोळी वरून घ्यायची तर फोन सव्वादोन ते अडीच मीटर उंच न्यावा लागतो, तिथे घरगुती दांडा पुरत नाही आणि काढणारी तर रांगोळीच्या मधोमध बसलेली असते, त्यामुळे फक्त हात दाखवण्याचा आग्रहच टिकत नाही. पहिल्या मजल्यावरची गॅलरी अंगणावर येत असेल तर तिथून घ्यावे, नाहीतर तिरका कोन स्वीकारून सबंध बाई दिसू द्यावी. मावसबहिणीने कानबाईच्या रांगोळीसाठी पाट, दांडा आणि दादरची पिशवी कायम ठेवली, चिमटीचा तुकडा मात्र तिसऱ्यांदा चित्रित केला, कारण पहिल्या दोन वेळी बोटांवर ओला गेरू लागलेला होता.