शोकेसची एलईडी पट्टी सोळा पायऱ्यांत मंद करताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

गुजरीतल्या एका सराफी दुकानाच्या शोकेसमध्ये मीटरभर वॉर्म व्हाइट पट्टी बसवली आहे. ती १२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडींची आहे आणि पूर्ण उजेडात साधारण १.२ अँपिअर घेते. आर्डुइनो नॅनो, एक मॉस्फेट, २ अँपिअरचा एसएमपीएस आणि उजेड कमी-जास्त करायला दोन बटणं, एवढाच सगळा संच. पावसाळ्यापासून तो रोज दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत चालू असतो. दुपारी रस्त्यावरच्या उन्हाशी स्पर्धा करायला वरच्या पायऱ्या लागतात आणि संध्याकाळी मधल्या. रात्री आवराआवर करताना खालच्या दोन-तीन पुरतात.

आधी निकाल सांगतो. पायऱ्या डोळ्याच्या मापाने वाटून देणारा गॅमा तक्ता घातला की वरच्या दहा-बारा पायऱ्या लगेच एकसारख्या वाटायला लागतात, त्यात काही कौशल्य नाही. खालच्या चार पायऱ्या मात्र नुसत्या तक्त्याने सुधारत नाहीत. तिथला खेळ टायमरच्या बिटांचा आणि मॉस्फेटच्या गेटचा आहे. बहुतेकांची तक्रारही त्याच चार पायऱ्यांची असते, आणि तरी लोक तक्त्यातले आकडे बदलत बसतात.

पीडब्ल्यूएममध्ये पट्टी दर आवर्तनात किती वेळ चालू असते, म्हणजे ड्यूटी, त्याच प्रमाणात तिचा सरासरी उजेड पडतो. डोळा मात्र तसं मोजत नाही. ड्यूटी सोळा सारख्या भागांत वाटली, तर पहिल्याच पायरीला ६.२५ टक्के उजेड पडतो आणि सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या सूत्राने डोळ्याला तो १०० पैकी ३० वाटतो. पंधराव्यावरून सोळाव्या पायरीवर जाताना जेमतेम अडीचची भर पडते. म्हणून साध्या `analogWrite` वर बटण दाबलं की पहिल्या दाबाला भपकन उजेड येतो आणि शेवटचे तीन-चार दाब वाया गेल्यासारखे वाटतात.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे २.२ घाताचा तक्ता. दिव्यासाठी तो मला पटत नाही. सोळा पायऱ्या आणि ४०९५ चा पल्ला धरला, तर २.२ घाताने पहिली पायरी ९ येते आणि दुसरी ४२, म्हणजे एका दाबात साडेचार पटींहून जास्त उडी. सीआयई १९७६ च्या सूत्रात अगदी खालचा भाग सरळ रेषेत आणि वरचा घनात जातो, त्यामुळे त्याच दोन पायऱ्या २८ आणि ६१ येतात. २.२ हा घात टीव्ही-मॉनिटरच्या दुनियेतला. एलईडीला स्वतःचा असा गॅमा नसतो, आपल्याला फक्त डोळ्याची वक्ररेषा उलटी करायची असते.

पायरी i साठी डोळ्याला वाटणारा उजेड L = 100*i/16 धरायचा. L ८ किंवा त्याहून कमी असेल तर Y = L/903.3, नाहीतर Y = ((L+16)/116)^3. Y ही ड्यूटी, तिला ४०९५ ने गुणून जवळच्या पूर्णांकात आणलं की तक्ता तयार:

```
const uint16_t tbl[17] = {
  0, 28, 61, 110, 181, 277, 402, 560, 754, 989,
  1269, 1597, 1977, 2413, 2909, 3468, 4095 };
```

आठवी पायरी पाहा. डोळ्याला निम्मा वाटणारा उजेड फक्त १८.४ टक्के ड्यूटीवर मिळतो. तक्ता बरोबर बसला का, हे बघायलाही हीच पायरी सोयीची: सोळावर नेऊन थेट आठवर आणलं की पाहणाऱ्याने आपणहून ‘निम्मा झाला’ म्हणायला हवं.

आता ४०९५ कशासाठी? नुसत्या सोळा पायऱ्या हव्या असतील तर खरं म्हणजे ८ बिटही पुरतात. तोच तक्ता २५५ वर काढला तर सुरुवात २, ४, ७, ११ अशी होते आणि पायऱ्या नीट दिसतात. अडचण येते ती एका पायरीवरून दुसरीवर हळूच सरकताना. २ आणि ४ च्या मध्ये फक्त ३ आहे, त्यामुळे उजेड सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडतो. २५६ ओळींचा ८ बिटी तक्ता करूनही हे सुटत नाही. २.२ घाताने त्यातल्या पहिल्या १५ ओळी शून्यच येतात आणि पुढच्या १० ओळी १. बारा बिटांत २८ ते ६१ मध्ये ३२ मधले आकडे मिळतात आणि सरकणं डोळ्याला जाणवत नाही.

नॅनोवर बारा बिट फक्त टायमर १ देतो, म्हणजे पिन ९ किंवा १०. `setup()` मध्ये एवढं पुरतं:

```
pinMode(9, OUTPUT);
TCCR1A = _BV(COM1A1) | _BV(WGM11);
TCCR1B = _BV(WGM13) | _BV(CS10);
ICR1 = 4095;
OCR1A = 0;
```

हा फेज करेक्ट प्रकार आहे आणि १६ मेगाहर्ट्झवर याची वारंवारता सुमारे १९५३ हर्ट्झ येते. फास्ट पीडब्ल्यूएममध्ये ती दुप्पट मिळते, पण तिथे `OCR1A` शून्य केला तरी दर आवर्तनात एका क्लॉकचा काटा निघतोच. फेज करेक्टमध्ये शून्य म्हणजे शून्य. वरच्या ओळींत `=` च्या जागी `|=` लिहू नका. आर्डुइनो सुरू होताना टायमर १ आधीच आपल्या पद्धतीने मांडून ठेवतो, ते जुने बिट तसेच राहतात आणि मग पायरी कुठलीही द्या, पट्टी पूर्ण पेटलेलीच दिसते. यानंतर पिन ९ वर `analogWrite` किंवा `digitalWrite` चुकूनही वापरायचं नाही. `digitalWrite` पिनचा टायमरशी असलेला संबंध तोडतो, आणि मग `OCR1A` मध्ये काहीही लिहा, उजेड हलत नाही. सर्वो लायब्ररीलाही हाच टायमर लागतो.

सरकण्यासाठी दोन पायऱ्यांच्या मध्ये सरळ रेषेत ३२ तुकडे केले तरी चालतं, कारण एवढ्या लहान अंतरात वक्र आणि सरळ रेषेतला फरक दिसत नाही:

```
void fade(uint16_t a, uint16_t b) {
  for (int k = 1; k <= 32; k++) {
    OCR1A = a + ((int32_t)b - a) * k / 32;
    delay(8);
  }
}
```

यातला `(int32_t)` कंसाच्या आत, `b` लाच लागलेला हवा. `(int32_t)(b - a)` असं लिहिलं तर वजाबाकी आधीच बिनचिन्ह होते. ६१ वरून २८ वर येताना फरक -३३ न येता ६५५०३ येतो. दिसतं काय, तर वर जाताना सगळं ठीक, खाली येताना पट्टी पाव सेकंद झगझगीत पेटते आणि मग बरोबर पायरीवर येऊन थांबते. शेवट बरोबर असल्यामुळे दोष तारेत किंवा बटणात शोधला जातो.

असाच ओळखू येणारा दुसरा दोष, तक्ता `PROGMEM` मध्ये टाकून `pgm_read_byte` ने वाचण्याचा. चौथ्या पायरीपर्यंत काही कळत नाही, आणि पाचवी पहिलीपेक्षाही मंद पडते, कारण २७७ चा खालचा बाइट २१ आहे. `pgm_read_word` वापरा, नाहीतर १७ आकड्यांचे ३४ बाइट सरळ रॅममध्ये राहू द्या.

आता मॉस्फेट. या मांडणीत एका काउंटला १२५ नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे पहिल्या पायरीचा २८ काउंटचा पल्स अवघा ३.५ मायक्रोसेकंदांचा. संच आयआरएलझेड४४एन वर चालतो. तो ५ व्होल्टच्या गेटवर नीट उघडतो, पण ४७ अँपिअरचा भाग असल्यामुळे त्याचा गेट भरायला चार्जही भरपूर लागतो. गेटला १ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर तो उघडण्यातच काही मायक्रोसेकंद जातात आणि बंद होतानाही तेवढेच. मग पहिली पायरी एकतर गायब होते किंवा भलत्याच उजेडाची दिसते, आणि बिचारा तक्ता बदनाम होतो. गेटला १५० ओहम आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम, हे इथे चांगलं जमलं. त्याहून बराच लहान रेझिस्टर घातला तर पिनवरचा क्षणिक प्रवाह ४० मिलिअँपिअरच्या कमाल मर्यादेला भिडतो. नवीन बोर्ड करायचा असेल तर एओ३४०० सारखा छोटा एसएमडी मॉस्फेट घ्यावा. एक-दोन अँपिअरला तो पुरतो आणि त्याचा गेट चार्ज कितीतरी कमी आहे.

ऑप्टोकपलर बसवलेली तयार मॉस्फेट मॉड्यूलं या कामाला घेऊ नयेत. पीसी८१७ सारखा ऑप्टो बंद व्हायला वेळ लावतो, त्यामुळे आखूड पल्स ताणले जातात. पहिल्या दोन-तीन पायऱ्या जवळजवळ एकाच उजेडाच्या आणि अपेक्षेपेक्षा प्रखर दिसल्या तर आधी मॉड्यूलवर ऑप्टो आहे का ते पाहा. आयआरएलच्या जागी दुकानदाराने आयआरएफझेड४४एन दिला असेल तर तो ५ व्होल्टवर पुरता उघडेलच याची खात्री नसते. अशा वेळी वरच्या पायऱ्यांवर तो हाताला गरम लागतो.

रोजच्या वापरात दोन गोष्टी मनासारख्या मिळाल्या. पट्टी चालू असते तेव्हा प्रत्येक वेळी पूर्ण प्रवाहावरच असते, त्यामुळे मंद केल्यावरही रंगाची छटा डोळ्याला बदललेली वाटत नाही. सोन्याच्या दुकानात हे उजेडाइतकंच महत्त्वाचं, कोल्हापुरी साजाचा पिवळा पिवळाच दिसायला हवा. दुसरं, दागिन्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढताना `analogWrite` च्या ४९० हर्ट्झला जे ठळक आडवे पट्टे येतात, ते १९५३ हर्ट्झला बारीक आणि फिके झाले. अगदी खालच्या पायऱ्यांवर काही फोनमध्ये ते अजूनही दिसतात. व्हिडिओपुरतं आठच्या वर न्यावं.

तक्त्याची मर्यादाही सांगायला हवी. डोळा कुठल्यातरी ठरावीक पांढऱ्याला सरावलेला आहे, असं हे सूत्र धरून चालतं. भरदुपारी रस्त्याचा उजेड आत येतो तेव्हा पहिल्या तीन पायऱ्या असून नसल्यासारख्या. उलट रात्री बाकीचे दिवे बंद केले की शून्यावरून २८ ही उडी मोठी वाटते. ज्यांना पट्टी अंधारात वापरायची आहे, त्यांनी मध्ये १४ ची अर्धी पायरी घालावी. तिचा पल्स पावणेदोन मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तिथे छोटा मॉस्फेट लागेलच.

एक त्रास पूर्ण गेलेला नाही. दोन किलोहर्ट्झला सव्वा अँपिअर सतत तुटत-जुळत असल्यामुळे एसएमपीएस बारीक किणकिणतो, आणि मधल्या पायऱ्यांवर जास्त. गिऱ्हाईक असताना ऐकू येत नाही, शांततेत येतं. मॉस्फेटजवळ १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावल्यावर आवाज बराच उतरला. हा कपॅसिटर पुरवठ्याच्या प्लस आणि ग्राउंडमध्येच हवा, पट्टीच्या दोन टोकांना लावला तर तो पल्स गिळतो आणि पायऱ्या बिघडतात. `ICR1` १०२३ करून वारंवारता ७.८ किलोहर्ट्झवर नेली तरी आवाज थांबेलच असं नाही, कारण तीही कानाच्या टप्प्यात आहे. शिवाय पहिली पायरी ७ काउंटवर येऊन पल्स एका मायक्रोसेकंदाच्याही खाली जातो. म्हणून तो मार्ग सोडला आणि एसएमपीएस शोकेसच्या खालच्या कप्प्यात, रबरी बुटांवर ठेवला.